चीज शाकाहारी आहे का? उत्तर नावात असतं, रेनेटमध्ये असतं

लंडनच्या कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये चीजच्या फडताळासमोर उभं राहिलं, की दोन तुकडे शेजारी शेजारी दिसतात. रंग तोच, फिकट पिवळा. पोत तोच, खिसल्यावर भुरभुरणारा. एकावर लिहिलेलं असतं 'पार्मिजानो रेज्जानो'. दुसऱ्यावर 'इटालियन पद्धतीचं कठीण चीज' आणि खाली बारीक अक्षरांत 'शाकाहारींसाठी योग्य'. दोन्ही गाईच्या दुधाची. दोन्हींत मांसाचा कण नाही, अंडंही बहुधा नाही. तरी पहिलं चीज शाकाहारी माणसाला चालत नाही आणि दुसरं चालतं. शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेल्या मुलांकडे राहायला जाणाऱ्या माळकरी, जैन आणि इतरही शाकाहारी घरांतल्या मंडळींना हा फरक माहीत असायला हवा, कारण तो चवीवरून, वासावरून किंवा रंगावरून कधीच कळत नाही.

फरक आहे तो दूध घट्ट करण्यासाठी वापरलेल्या एका पदार्थाचा. त्याचं नाव रेनेट.

वासराच्या पोटातलं विरजण

दूध पिणाऱ्या वासराच्या पोटाला चार कप्पे असतात. वासरू लहान असताना दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं आणि तिथे काही मिनिटांत घट्ट होतं. दूध पातळच राहिलं असतं तर ते पोटातून भराभर पुढे सरकलं असतं. घट्ट झाल्यामुळे ते थांबतं आणि सावकाश पचतं. हे काम करणारं एन्झाइम, म्हणजे विकर, कायमोसिन या नावाने ओळखलं जातं. वासरू चारा खायला लागलं, की त्याच्या पोटात कायमोसिन कमी होत जातं आणि त्याची जागा पेप्सिन हे दुसरं विकर घेतं. म्हणूनच चीज बनवणाऱ्यांना पूर्वीपासून फक्त दुधावर असलेल्या कोवळ्या वासराचं, करडाचं किंवा कोकराचं पोट हवं असे.

ते मिळवण्याची रीत सरळ आहे. कत्तल झालेल्या वासराचा चौथा कप्पा काढून स्वच्छ करतात, वाळवतात, त्याच्या बारीक पट्ट्या कापतात आणि त्या मिठाच्या पाण्यात भिजत घालतात. विकर पाण्यात उतरतं. मग आम्ल घालून ते कार्यक्षम करतात, गाळतात आणि त्याची ताकद ठरावीक मापावर आणतात. डेन्मार्कमध्ये ख्रिश्चन हॅन्सन यांनी १८७४ मध्ये असं मापात बांधलेलं रेनेट कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. त्याआधी प्रत्येक चीजवाला आपापल्या अंदाजाने वाळलेल्या पोटाचे तुकडे भिजवत असे. नेहमीच्या ताकदीच्या रेनेटचा एक भाग पस्तीस अंश तापमानाच्या दहा हजार भाग दुधाला सुमारे चाळीस मिनिटांत घट्ट करतो. म्हणजे शंभर लिटर दुधाला दहा मिलिलिटर, दोन चहाचे चमचे.

इतक्या थोड्या पदार्थाने काय बिघडतं, असं वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय त्यातला मोठा भाग निवळीबरोबर वाहून जातो. तयार चीजमध्ये राहतो तो अंश अगदी नगण्य. पण जे शाकाहारी असं चीज टाळतात, त्यांचा आक्षेप ताटात किती अंश आला याबद्दल नसतोच. दूध काढताना गाय जिवंत राहते. पोटाचं अस्तर मात्र जिवंत वासराकडून घेता येत नाही. रेनेटच्या बाटलीमागे कसाईखाना असतोच. कोवळ्या वासराचं मांस विकताना पोट उरतं आणि ते रेनेटसाठी जातं, म्हणून रेनेटसाठी वेगळी हत्या होत नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण कत्तलीतून आलेली वस्तू आपल्या अन्नात नको, हेच तर शाकाहाराचं मूळ आहे. चामड्याच्या चपलेबद्दल शाकाहाऱ्यांमध्येही मतं वेगवेगळी असतील. पण जे पोटात जातं त्याबद्दल बहुतेकांची रेघ ठाम असते. जैनांसाठी हा अहिंसेचा प्रश्न आहे, आणि अनेक हिंदू घरांत यात गाईच्या वासराचा प्रश्न मिसळलेला असतो.

लिंबाने का भागत नाही

आपल्याकडे दूध घट्ट करण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने होतं. चक्का दह्याचा, म्हणजे विरजणातल्या जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लाचा. खरवस नुसत्या उष्णतेने धरतो. मग चीज बनवणाऱ्यांना रेनेटच का लागावं?

दुधातलं मुख्य प्रथिन म्हणजे केसीन. ते दुधात अतिसूक्ष्म गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि प्रत्येक गोळीवर एका खास केसीनची लव असते, गोंड्यावर असते तशी. या लवेवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे गोळ्या एकमेकींना दूर ढकलतात आणि दूध पातळ राहतं. आम्ल घातलं, की हा विद्युतभार नाहीसा होतो, गोळ्यांना चिकटवून ठेवणारं कॅल्शियम सुटून पाण्यात जातं आणि सगळं एकदम गोळा होतं. असं घट्ट झालेलं दूध म्हणजे पनीर. ते तव्यावर लाल होतं, पण वितळत नाही, त्याची तार येत नाही.

कायमोसिन वेगळ्या वाटेने जातं. ते त्या लवेच्या साखळीत एकाच ठरलेल्या जागी कापतं. लव गळून पडते, गोळ्या एकमेकींना लागतात आणि कॅल्शियम तिथेच राहून त्यांना जोडतं. तयार होते ती लवचीक, सलग जाळी. तिला कापलं, की ती आकसते आणि पाणी स्वतःहून बाहेर टाकते. हीच जाळी तापवल्यावर वितळते, पिझ्झ्यावर ताणली जाते आणि पाणी कमी झाल्यामुळे महिनोन्‌महिने टिकते. चेडर, गौडा, मोझरेला, पार्मिजानो या सगळ्यांचा पाया ही जाळी आहे. लिंबाने ती बनत नाही.

दुधाला कापणारी विकरं वनस्पतींतही आहेत. पोर्तुगालमधलं सेरा दा एश्ट्रेला हे मेंढीच्या दुधाचं चीज कार्डून नावाच्या काटेरी झाडाच्या वाळलेल्या फुलांनी घट्ट करतात. ते पारंपरिकही आहे आणि शाकाहारीही. भारतीय उपखंडाच्या वायव्य भागात पनीरडोडी नावाच्या झुडपाची फळं दूध नासवायला वापरत आणि त्यातल्या विकराचा अभ्यास इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकातच केला होता. अडचण अशी, की बहुतेक वनस्पतीजन्य विकरं एका जागी कापून थांबत नाहीत. ती प्रथिन जागोजागी तोडत राहतात. ताज्या चीजला त्याचा त्रास नाही, पण वर्षभर मुरवायच्या चीजमध्ये त्याचा कडवटपणा साचत जातो. कायमोसिनची किंमत या नेमकेपणाची आहे.

वासराविना कायमोसिन

चीजचा खप वाढत गेला, पण वासरांची पोटं तितकी वाढणार नव्हती. १९६० च्या दशकात रेनेटचा तुटवडा भासू लागला आणि पर्यायांचा शोध जोरात सुरू झाला. पहिलं यश आलं बुरशीत. रायझोम्यूकर मीही या बुरशीतून मिळणारं विकर दूध छान घट्ट करतं. आज लेबलवर 'मायक्रोबियल रेनेट' किंवा 'सूक्ष्मजीवजन्य रेनेट' दिसतं, ते बहुधा हे. अनेक ठिकाणी याच बुरशीच्या रेनेटला सरसकट 'व्हेजिटेबल रेनेट' असंही लिहितात. सुरुवातीच्या बुरशीजन्य रेनेटला दीर्घकाळ मुरवलेल्या चीजमध्ये कडवटपणाची तक्रार होती. पुढे शुद्धीकरण सुधारलं तशी ती बरीच कमी झाली.

दुसरा टप्पा जास्त मोठा होता. वासराच्या ज्या जनुकामुळे कायमोसिन बनतं, ते जनुक शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजीवात घातलं. मग दारू किंवा प्रतिजैविकं बनवतात तशा मोठ्या टाक्यांमध्ये तो सूक्ष्मजीव वाढवून कायमोसिन काढता येऊ लागलं. मार्च १९९० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फायझर कंपनीच्या अशा कायमोसिनला परवानगी दिली. जनुकीय तंत्राने बनवलेला आणि अन्नात वापरायला परवानगी मिळालेला तो अमेरिकेतला पहिला घटक होता. हे कायमोसिन आणि वासराचं कायमोसिन रेणूपातळीवर सारखंच असल्यामुळे कडवटपणाचा प्रश्नच उरला नाही, आणि आज अमेरिकेतलं बहुतांश कारखानी चीज यानेच बनतं.

हे शाकाहारी मानायचं का? मूळ जनुकाचा नमुना वासराचा होता, हे खरं. पण आता टाकीत वासराचं काही जात नाही आणि त्यासाठी कोणतंही जनावर मारावं लागत नाही. ब्रिटनच्या व्हेजिटेरियन सोसायटीसह बहुतेक शाकाहारी संस्था ते मान्य करतात आणि माझ्या मते ते योग्यच आहे, कारण शाकाहाराचा मुद्दा हत्येचा आहे. ज्यांना जनुकीय तंत्र नको आहे, त्यांच्यासाठी बुरशीचं रेनेट आहे. पण यातून एक अनपेक्षित परिणाम होतो, तो लक्षात ठेवायला हवा. युरोपात सेंद्रिय चीजमध्ये जनुकीय तंत्राने बनवलेली विकरं चालत नाहीत. त्यामुळे सेंद्रिय चीजवाल्यापुढे मुख्यतः बुरशीचं रेनेट आणि वासराचं रेनेट हे पर्याय राहतात. 'सेंद्रिय' या शब्दाने चीज शाकाहारी ठरत नाही. 'नैसर्गिक', 'पारंपरिक' आणि 'गवतावर चरणाऱ्या गाईंचं' हे शब्दही त्याबाबत काही सांगत नाहीत.

पार्मिजानो: जिथे नावच लेबल असतं

पार्मिजानो रेज्जानो इटलीच्या पार्मा, रेज्जो एमिलिया आणि मोदेना या परिसरात बनतं. संध्याकाळचं दूध उथळ भांड्यांत रात्रभर ठेवतात. सकाळी वर आलेली साय काढतात आणि त्या दुधात सकाळचं ताजं, सायीसकट दूध मिसळतात. उलट्या घंटेच्या आकाराच्या तांब्याच्या मोठ्या हंड्यात ते कोमट करून आदल्या दिवशीची आंबलेली निवळ घालतात. ती विरजणाचं काम करते. मग वासराचं रेनेट. दहा मिनिटांच्या आसपास हंड्यातलं दूध धरतं. कारागीर लांब दांड्याच्या मोठ्या जाळीदार रवीने ते फोडतो, तांदळाच्या दाण्याएवढे कण होईपर्यंत. तापमान पंचावन्न अंशांपर्यंत नेतात, कण तळाशी बसतात, एकमेकांना चिकटतात आणि तो गोळा कापडात बांधून बाहेर काढतात. सुमारे साडेपाचशे लिटर दुधाचं चाळीस किलोच्या आसपासचं एक चाक होतं. काही आठवडे मिठाच्या पाण्यात राहून ते किमान बारा महिने, बऱ्याचदा दोन वर्षं, लाकडी फळ्यांवर मुरतं.

यातली कोणतीही पायरी कारागिराच्या मर्जीवर नाही. ज्या पदार्थाचं नाव त्याच्या भूभागाशी बांधलेलं असतं, त्याला युरोपात कायद्याचं संरक्षण असतं. आपल्याकडे भौगोलिक मानांकन मिळतं तसाच हा प्रकार. त्याची लेखी नियमावली असते, आणि पार्मिजानोच्या नियमावलीत रेनेट वासराचंच असलं पाहिजे, असं स्पष्ट आहे. बुरशीचं रेनेट वापरून कोणी तेच दूध, तोच हंडा, तेच कारागीर घेऊन चीज केलं, तर ते कितीही उत्तम झालं तरी त्याला 'पार्मिजानो रेज्जानो' म्हणता येत नाही. म्हणजे शाकाहारी पार्मिजानो रेज्जानो असू शकत नाही. लेबल उलटून पाहायची गरजच नाही, नाव वाचलं की निकाल लागला.

'पार्मेझान' या शब्दाचा मामला देशागणिक बदलतो. युरोपीय न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला, की युरोपीय संघात 'पार्मेझान' हे नावही फक्त खऱ्या पार्मिजानो रेज्जानोसाठीच वापरता येईल. म्हणून जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये पाकिटावर पार्मेझान असेल, तर आत वासराचं रेनेट आहे हे नक्की. ब्रिटनमध्येही शाकाहारी प्रकार 'इटालियन पद्धतीचं कठीण चीज' अशा वेगळ्याच नावाने मिळतात, ते याच कारणामुळे. अमेरिकेत मात्र पार्मेझान हे सामान्य नाव आहे. कोणतीही कंपनी ते वापरू शकते आणि त्यातली काही चीजं बुरशीच्या किंवा टाकीतल्या कायमोसिनने बनलेली असतात. तिथे पार्मेझान या एका शब्दावरून हो किंवा नाही असं काहीच ठरवता येत नाही.

पार्मिजानोप्रमाणेच ज्यांच्या नावावरूनच निर्णय होतो, अशी आणखी काही चीजं आहेत. ग्राना पादानो वासराच्या रेनेटचं; शिवाय त्यात अंड्याच्या पांढऱ्या बलकातून काढलेलं लायसोझाइम बहुधा असतं. पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटचं. मोझरेला दी बुफाला काम्पाना, म्हणजे कांपानिया प्रदेशातलं म्हशीच्या दुधाचं संरक्षित मोझरेला, तेही वासराच्या रेनेटचं. स्वित्झर्लंडचं ग्रुयेर, फ्रान्सचं कोंते आणि रोकफोर हीही याच यादीत. साधं मोझरेला, चेडर आणि गौडा यांना असं बंधन नाही. ती दोन्ही प्रकारची मिळतात, म्हणून तिथे लेबलच वाचावं लागतं.

एका संध्याकाळचं सामान

समजा, लंडनमध्ये शिकणाऱ्या मुलीकडे तिची माळकरी आजी आली आहे आणि रात्री पास्ता करायचा आहे. टोपलीत काय काय येईल ते पाहू.

पहिली वस्तू पेस्टोची बाटली. हिरवीगार, तुळशीसारख्या बेझिल पानांची. घटकांत बेझिल, तेल, काजू, मीठ आणि मध्येच कुठेतरी 'ग्राना पादानो चीज'. कंसात दूध आणि अंड्यातलं लायसोझाइम असा उल्लेख असतो, कारण दूध आणि अंडं अॅलर्जीसाठी सांगणं बंधनकारक आहे. रेनेट मात्र त्या कंसात बहुतेक वेळा नसतं. तरी नावावरून कळतं, बाटली परत ठेवायची. शेजारी साधारण त्याच किमतीचा, 'इटालियन पद्धतीचं चीज' वापरलेला आणि शाकाहारी चिन्ह असलेला पेस्टो बहुधा असतोच.

दुसरी वस्तू चेडरचं पाकीट. मागे फक्त 'दूध' एवढंच लिहिलेलं असतं, किंवा घटकांची यादीच नसते. ही लबाडी नव्हे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये चीजमध्ये फक्त दूध, विरजण, विकर आणि मीठ असेल, तर घटकांची यादी द्यायची सक्ती नाही. म्हणून तिथे घटकांची यादी शोधत बसू नये; 'शाकाहारींसाठी योग्य' हे शब्द किंवा चिन्ह शोधावं. ब्रिटनमधली मोठी दुकानं ते बहुतेक पाकिटांवर स्वतःहून देतात. ते नसेल, तर चीज वासराच्या रेनेटचं आहे असं धरून चालणं बरं.

तिसरी वस्तू मास्कारपोने. हे साईला आम्ल घालून गरम करून होतं, त्याला रेनेट लागत नाही. क्रीम चीजही मुख्यतः विरजणाने होतं, पण काही कंपन्या त्यात थोडं रेनेट किंवा जिलेटिन घालतात, म्हणून डब्यावर नजर टाकायची. चौथी वस्तू रिकोट्टा, आणि इथे बरेच जण फसतात. रिकोट्टा स्वतः उष्णतेने आणि आम्लाने बनतं, पण पारंपरिक रीतीत ते दुसऱ्या चीजच्या निवळीपासून करतात. ती निवळ ज्या चीजची, त्याचं रेनेट वासराचं असेल, तर त्या विकराचा अंश याच निवळीत उतरलेला असतो. शाकाहारी चिन्ह असलेलं रिकोट्टाच घ्यावं.

पास्ता घरी न करता हॉटेलात खायचा असेल, तर मेन्यूवर शाकाहारी खूण असलेल्या पदार्थावरही वरून पार्मिजानो खिसून घातलेलं सापडतं. 'चीज कोणतं आहे?' असा थेट प्रश्न विचारावा. 'शाकाहारी आहे का?' असं विचारलं, तर मांस नाही एवढ्यावरच 'हो' असं उत्तर येतं.

लेबलवर काय वाचायचं

अमेरिकेत चीजच्या पाकिटावर बहुधा अशी यादी असते: दूध, चीज कल्चर, मीठ, एन्झाइम्स. तिथल्या नियमांनुसार विकर जनावराचं असो, वनस्पतीचं असो वा सूक्ष्मजीवाचं, त्याला नुसतं 'एन्झाइम्स' म्हटलेलं चालतं. म्हणून हा शब्द एकटा असेल तर त्यातून काही ठरत नाही. 'मायक्रोबियल एन्झाइम्स', 'नॉन-अॅनिमल एन्झाइम्स', 'व्हेजिटेबल रेनेट' किंवा 'व्हेजिटेरियन रेनेट' असेल तर घ्यायला हरकत नाही. 'अॅनिमल रेनेट', 'काफ रेनेट' किंवा नुसतं 'रेनेट' असेल तर ठेवून द्यावं. 'कोशर' ही खूण ज्यू धर्माच्या आहारनियमांची आहे. अमेरिकेतली बरीच कोशर चीजं सूक्ष्मजीवांच्या रेनेटची असतात खरी, पण ज्यू धर्मनियम योग्य रीतीने मारलेल्या वासराचं रेनेट पूर्णपणे नाकारत नाहीत. 'हलाल' या खुणेचाही शाकाहाराशी संबंध नाही.

युरोपात भाषा बदलली की शब्द बदलतो. फ्रान्समध्ये 'प्रेझ्यूर' म्हणजे जनावराचं रेनेट, आणि 'कोआग्युलां' हा शब्द सहसा इतर विकरांसाठी. स्पेनमध्ये 'क्वाहो' आणि 'कोआग्युलांते' यांत तसाच फरक. इटलीत नुसतं 'काल्यो' म्हणजे बहुधा जनावराचं. त्याच्यापुढे 'वेजेताले' किंवा 'मिक्रोबिको' असेल तर ते चालतं. जर्मनीत 'लाब' या शब्दाआधी 'मिक्रोबिएलेस' असलेलं पाहावं. युरोपभर दिसणारं पिवळ्या वर्तुळातलं पान फुटलेलं 'व्ही' हे चिन्ह आणि ब्रिटनच्या व्हेजिटेरियन सोसायटीचं हिरवं चिन्ह, ही दोन्ही रेनेट तपासूनच दिली जातात.

आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे लायपेज. तिखटसर, उग्र चवीच्या काही इटालियन चीजमध्ये हे विकर मुद्दाम घालतात आणि ते परंपरेने वासरू, करडू किंवा कोकरू यांच्या तोंडाच्या मागच्या भागातल्या ग्रंथींतून येतं. रेनेट बुरशीचं असलं, तरी लायपेज जनावराचं असू शकतं. पाकिटावर लायपेज असेल आणि शाकाहारी चिन्ह नसेल, तर कंपनीला लिहून विचारावं. अनेक कंपन्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या कोणत्या चीजमध्ये कोणतं विकर आहे याची यादीही असते.

भारतात हा प्रश्न पुष्कळ सोपा आहे. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत चीजची व्याख्याच अशी आहे, की दूध घट्ट करायला जनावराचं नसलेलं रेनेट किंवा इतर योग्य पदार्थ वापरावा. इथल्या चीजच्या पाकिटावर 'मायक्रोबियल रेनेट' असे शब्द किंवा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो. तो ठिपका असला, की पुरे. पण दोन जागी सावध राहावं. मुंबईतल्या पारशी घरांतून येणारं टोपली पनीर लिंबाने नव्हे, रेनेटने घट्ट करतात. त्याची ती मऊ, थरथरती जात त्यामुळेच येते. घरगुती टोपली पनीर घेताना कोणतं रेनेट घातलं, हे करणाऱ्यांना विचारायला संकोचू नये. दुसरी जागा म्हणजे परदेशातून येणारी बॅग. तिथल्या दुकानातून आणलेल्या चीजला आपला नियम लागू नसतो आणि त्यावर हिरवा ठिपकाही नसतो.

चीज घेताना क्रम एकच ठेवावा. आधी नाव वाचा. पार्मिजानो, ग्राना पादानो, पेकोरिनो रोमानो, ग्रुयेर, कोंते किंवा रोकफोर असेल तर पुढे पाहायचं कारण नाही. मग शाकाहारी चिन्ह शोधा. ते नसेल तर विकराच्या शब्दाआधी 'मायक्रोबियल' किंवा 'व्हेजिटेबल' आहे का पाहा. तिन्हींपैकी काहीच सापडलं नाही, तर ते चीज विकत घेऊ नका. आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी तुम्ही पास्ता किंवा पिझ्झा करणार असाल, तर हे सगळं दुकानातच तपासून घ्या, कारण ताटात वाढल्यावर पाहुण्यांना ते कळण्याचा काहीच मार्ग नसतो.